तोच फोन, नवी भीती

घरात एक मुलगी एकटी आहे. शेगडीवर पॉपकॉर्न फुगताहेत, थोड्या वेळाने ती भयपट बघत बसणार आहे. फोन वाजतो. चुकून लागलेला फोन. ती हसून ठेवते. तो पुन्हा येतो. पलीकडचा पुरुष गोड बोलतो, तिला आवडणाऱ्या भयपटांबद्दल विचारतो, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून असं एक वाक्य निघतं की तिच्या लक्षात येतं, हा माणूस आपल्याला या क्षणी बघतो आहे. पुढच्या काही मिनिटांत तिचा मित्र बाहेर खुर्चीला बांधलेला दिसतो, भयपटांवरची जीवघेणी प्रश्नमंजूषा होते, आणि ती मुलगी मरते.

डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘स्क्रीम’ची ही सुरुवात. दिग्दर्शक वेस क्रेव्हन, लेखक केविन विल्यमसन. मुखवटा घातलेला खुनी एकेकाला चाकूने संपवत जातो, अशा चित्रपटांना स्लॅशर म्हणतात. या प्रकाराला त्या काळात उतरती कळा लागली होती. ‘स्क्रीम’ने त्याला पुन्हा उभं केलं, जगभरात सुमारे १७ कोटी डॉलरचा गल्ला जमवला आणि मग त्याचे पुढचे भाग येत राहिले. १९९७, २०००, २०११, २०२२ आणि २०२३ या वर्षी आलेल्या भागांपैकी प्रत्येकाची सुरुवात तशीच आहे: फोन, मुखवटा आणि हल्ला. एकच प्रसंग सहा वेळा रचला गेला. सीक्वेल कुठे जिंकतो आणि कुठे हरतो, हे समजून घ्यायला इतकी चांगली मालिका क्वचितच मिळेल. (हे चित्रपट पाहायचे असतील, तर आधी सांगून ठेवतो: पुढे खुन्यांची नावं आणि शेवट उघड केले आहेत.)

पटकथालेखक गोष्टीचे छोटे छोटे टप्पे पाडतात. प्रत्येक टप्प्यात काहीतरी घडतं आणि त्यामुळे परिस्थिती आधीसारखी राहत नाही. अशा टप्प्याला ते ‘बीट’ म्हणतात. सीक्वेलवर नेहमी होणारा आरोप असा की तो पहिल्या चित्रपटाचेच बीट गिरवतो. आरोप खरा असतो, पण अर्धाच. प्रेक्षक तिकीट काढतो तोच मुळी ते बीट पुन्हा अनुभवण्यासाठी. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला असतो आणि त्यामुळे कोणी उठून जात नाही. सगळे बसतात ते आजची बतावणी कशी रंगते हे बघायला. सीक्वेलमध्ये पुनरावृत्ती होणारच. प्रश्न इतकाच की नेमकं काय पुन्हा करायचं. बीटचं बाह्य रूप, की त्या बीटने पहिल्या वेळी केलेलं काम?

पहिल्या फोनने केलेली तीन कामं

म्हणून आधी पहिल्या ‘स्क्रीम’चा तो प्रसंग काय काय साधतो ते पाहू.

पहिलं काम, प्रेक्षकाची एक पक्की खात्री मोडणं. त्या मुलीचं, केसी बेकरचं, काम ड्रू बॅरीमोरने केलं होतं. चित्रपटातलं सर्वांत ओळखीचं नाव तिचंच होतं आणि पोस्टरवरही ती ठळक होती. असा चेहरा शेवटपर्यंत टिकणार हे प्रेक्षक गृहीत धरतो. तो चेहरा पहिल्या बारा-तेरा मिनिटांतच जातो. आल्फ्रेड हिचकॉकने ‘सायको’त १९६० साली जॅनेट लीच्या बाबतीत हेच केलं होतं, पण त्याने पाऊण तासाच्या आसपास वाट पाहिली होती. क्रेव्हनने सुरुवातीलाच केलं. आता कोणीही मरू शकतं, हे त्यानंतर सांगावं लागत नाही.

दुसरं काम, या गोष्टीचा विषय मांडणं. खुनी प्रश्न विचारतो: ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मधला खुनी कोण? केसी आत्मविश्वासाने सांगते, जेसन. उत्तर चुकतं. जेसन हा खुनी म्हणून पुढच्या भागांत येतो. १९८० च्या पहिल्या चित्रपटातले खून त्याच्या आईने केलेले असतात. या एका प्रश्नातून कळतं की खुन्यानेही तेच भयपट पाहिले आहेत जे आपण पाहिले आहेत, आणि ते पाठ असल्याने कोणी वाचत नाही.

तिसरं काम सर्वांत अवघड: तो मृत्यू लागला पाहिजे. केसी जखमी होऊन अंगणात सरपटते आहे आणि तेवढ्यात आईवडील घरी परततात. ते काही पावलांवर आहेत, पण तिच्या गळ्यातून आवाज निघत नाही. ते घरात जातात, करपलेल्या पॉपकॉर्नचा धूर पाहतात, आई पोलिसांना बोलवायला फोन उचलते आणि तिला फोनवर आपल्या मुलीची धाप ऐकू येते. मदत हाताच्या अंतरावर आहे आणि तिचा उपयोग नाही. या प्रसंगातली खरी भीती तिथे आहे. चाकू हे तिचं निमित्त.

फोन, मुखवटा, प्रश्नमंजूषा हे बाह्य रूप झालं. खात्री मोडणं, विषय मांडणं, मृत्यू लागणं ही कामं झाली. आता पुढचे भाग या कसोटीवर लावून पाहू.

नकलेला पडद्यावर बसवणारा दुसरा भाग

‘स्क्रीम २’ डिसेंबर १९९७ मध्ये, म्हणजे वर्षभराच्या आतच आला. लेखक-दिग्दर्शकांची जोडी तीच. अडचण उघड होती: घरातली एकटी मुलगी आणि फोन, एवढं दिसताच प्रेक्षकाला पुढचं सगळं कळणार.

त्यांनी सुरुवात एका भरगच्च सिनेमागृहात केली. तिथे ‘स्टॅब’ नावाच्या चित्रपटाचा खेळ आहे. पहिल्या भागातल्या खुनांवर, या गोष्टीच्या जगात, कोणीतरी तो सिनेमा काढला आहे. दारात खुन्याचे मुखवटे आणि झगे फुकट वाटले जात आहेत आणि प्रेक्षागृहात ते घालून पोरं नाचताहेत. समोरच्या पडद्यावर केसीचाच प्रसंग चालू आहे, पण थोडा भडक आणि उथळ करून. जुना बीट जसाच्या तसा पडद्यावरच्या पडद्यात टाकून दिला आहे. प्रेक्षक तो ओळखतो, सैलावतो, आणि खरा हल्ला भलतीकडून येतो.

मॉरीन आणि फिल हे जोडपं खेळाला आलं आहे. मॉरीनला असले सिनेमे आवडत नाहीत. त्यांत काळ्या माणसांना जागा नसते असं ती आधीच म्हणाली आहे. फिल स्वच्छतागृहात जातो, शेजारच्या कप्प्यातून कुजबुज ऐकू येते म्हणून भिंतीला कान लावतो आणि भिंतीतून आलेला चाकू त्याच्या कानात शिरतो. खुनी त्याचं जाकीट घालून मॉरीनशेजारी येऊन बसतो. मुखवटा घातलेलाच असतो, पण त्या रात्री प्रत्येकानेच घातला आहे. तो तिला भोसकतो. रक्तबंबाळ मॉरीन धडपडत पडद्यासमोरच्या मंचावर चढते. शेकडो लोक तिच्याकडे बघत आहेत आणि त्यांना वाटतं आहे की ही जाहिरातीची करामत आहे. हळूहळू गलका थांबतो, तोवर ती मेलेली असते.

तिन्ही कामं मोजा. मोडलेली खात्री: गर्दीत आपण सुरक्षित असतो. मांडलेला विषय: दुसऱ्याची हिंसा करमणूक म्हणून बघणारे आपण. आणि मृत्यू? पहिल्या भागात मदत जवळ होती पण तिला ऐकू येत नव्हतं. इथे मदतीला सगळं दिसतं आहे, फक्त खरं वाटत नाही. फोन जवळजवळ गायब आहे, घर नाही, प्रश्नमंजूषा नाही, तरीही हा पहिल्या प्रसंगाचा सख्खा भाऊ आहे, कारण त्याच्या पोटातली गोष्ट तीच आहे.

चित्रपटाचा शेवटही असाच जुळवलेला आहे. दोन खुन्यांपैकी एक निघते पहिल्या भागातल्या खुन्याची, बिली लूमिसची, आई. केसी ज्या प्रश्नावर चुकली त्याचं उत्तर होतं, ‘मुलगा नव्हे, आई’. पहिल्या भागात ते माहितीपुरतं होतं. दुसऱ्या भागात ते गोष्ट होऊन परत येतं. लक्षात ठेवणाऱ्या प्रेक्षकाला इथे बक्षीस मिळतं आणि न ठेवणाऱ्याचंही काही अडत नाही.

नवी युक्ती आली, जुनं काम राहिलं

‘स्क्रीम ३’ २००० साली आला. दिग्दर्शक क्रेव्हनच, पण पटकथा एरन क्रूगर यांची. सुरुवात लॉस एंजेलिसमध्ये. कॉटन वेअरी हे जुनं पात्र गाडीत आहे. फोन येतो, आधी लाडिक बाईचा आवाज, मग खुन्याचा. त्याला नायिका सिडनीचा पत्ता हवा आहे, नाहीतर तो कॉटनच्या मैत्रिणीला मारणार आहे. कॉटन घराकडे धावतो. इकडे खुनी एका यंत्रातून हुबेहूब कॉटनच्या आवाजात बोलून मैत्रिणीला फसवतो. खरा कॉटन येतो तेव्हा ती त्यालाच घाबरते. शेवटी दोघंही मारले जातात.

वरवर पाहता यात सगळं आहे: फोन, मुखवटा, ओळखीचा चेहरा जाणं, आणि एक नवी युक्तीसुद्धा. दोषही त्या युक्तीतच आहे. पहिल्या भागातला खुनी माणूस होता. तो धडपडायचा, दारावर आपटायचा, लाथ खाऊन पडायचा. त्याला मर्यादा होत्या, म्हणून प्रेक्षक मनातल्या मनात सुटकेचे मार्ग शोधायचा. कोणाचाही आवाज काढणारं यंत्र हातात आलं की ती मर्यादा संपते. पुढे जो जो फोन येतो त्याबद्दल प्रेक्षक तर्क करणंच सोडून देतो, कारण काहीही शक्य आहे. रहस्यकथेत काहीही शक्य झालं की भीती कमी होते. शिवाय या प्रसंगाचं मुख्य काम सिडनीचा पत्ता शोधला जातो आहे ही माहिती पोचवणं, एवढंच उरतं.

शेवटाला तर हा भाग मागे जाऊन पहिल्याला धक्का लावतो. खुनी निघतो सिडनीचा सावत्र भाऊ, आणि पहिल्या भागातल्या बिलीला त्यानेच चिथावलं होतं असं कळतं. सीक्वेल मोठा करण्याची ही जुनी वाट आहे. जॉन कार्पेंटरच्या १९७८ च्या ‘हॅलोवीन’मध्ये मायकल मायर्स लॉरीच्या मागे का लागतो याचं कारण नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. १९८१ च्या दुसऱ्या भागाने ती त्याची बहीण असल्याचं सांगितलं. कारण मिळालं आणि भीती कुटुंबापुरती आकसली. २०१८ च्या ‘हॅलोवीन’ने ते नातं सरळ पुसून टाकलं, यातच काय ते आलं. सीक्वेलने जुन्या गोष्टीत भर घालावी. जुन्या गोष्टीतलं मोकळं ठेवलेलं भोक बुजवायला जाऊ नये.

एकाच चित्रपटात हार आणि जीत

२०११ चा ‘स्क्रीम ४’ मला सर्वांत शिकवून जाणारा वाटतो, कारण त्याची सुरुवात फसते आणि शेवट जिंकतो. विल्यमसन पुन्हा लेखक होते, आणि २०१५ मध्ये निधन झालेल्या क्रेव्हन यांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट.

सुरुवातीला दोन मुलींवर हल्ला होतो. मग कळतं की तो ‘स्टॅब ६’ होता. तो बघणाऱ्या दोघींपैकी एक दुसरीला भोसकते. मग कळतं की तो ‘स्टॅब ७’ होता. त्यानंतर तो बघणाऱ्या दोघींवर खरा हल्ला होतो. कल्पना हुशार आहे आणि विषयही मांडला जातो: नकलेची नक्कल. पण दोनदा आपल्याला सांगितलं जातं की आत्ता मेलेल्या मुलींसाठी वाईट वाटून घेऊ नका, त्या खोट्या होत्या. तिसऱ्यांदा वाईट वाटावं अशी अपेक्षा असते आणि तोवर मन बंद झालेलं असतं. तिथली मुलगी गॅरेजच्या दाराखाली सापडते, जशी पहिल्या भागात टेटम सापडली होती. ती आठवण होते, चटका बसत नाही. म्हणजे दोन कामं झाली आणि तिसऱ्याचा बळी गेला.

शेवटाकडे या. पहिल्या भागात बिली आणि स्टू हे दोन खुनी एकमेकांना मुद्दाम भोसकतात, म्हणजे पोलिस येतील तेव्हा आपण वाचलेले बळी दिसू. सिडनी तो बेत उधळते. चौथ्या भागात खुनी आहे सिडनीची मावसबहीण जिल. सगळ्यांना संपवल्यावर ती एकटी उरते आणि स्वतःलाच जखमी करत सुटते: भिंतीवर आपटते, स्वतःला भोसकते, काचेच्या टेबलावर पडते. मग सिडनीशेजारी आडवी होते. बीट अगदी तोच आहे, पण यावेळी बेत तडीस जातो. स्ट्रेचरवरून तिला बाहेर नेताना कॅमेरे चमकतात आणि ती जगातली नवी वाचलेली नायिका होते. तिला सूड नको होता, ही प्रसिद्धीच हवी होती. सिडनी जिवंत आहे हे रुग्णालयात कळतं आणि तिचा डाव कोसळतो. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रसंग इथे पुन्हा घडतो, पण त्यातून निघणारा अर्थ २०११ चा आहे. पुनरावृत्ती करावी तर अशी. तिकीटबारीवर मात्र या भागाने दहा कोटी डॉलरचा आकडाही गाठला नाही. चांगला बीट आणि चांगला गल्ला नेहमी हातात हात घालून येत नाहीत.

जिवंत राहिलेली मुलगी, उतरलेला मुखवटा

२०२२ मध्ये मॅट बेटिनेली-ओल्पिन आणि टायलर जिलेट या नव्या दिग्दर्शकांनी मालिका हाती घेतली. त्यांनी उलट वाट धरली: बाह्य रूप जवळजवळ पहिल्या भागाचंच ठेवलं. घरात एकटी टारा, घरच्या फोनची रिंग, गोड आवाज, प्रश्नमंजूषा. बदल लहान आहेत. घराची कुलुपं मोबाइलवरून लागतात, आणि तिने लावलेली कुलुपं कोणीतरी पुन्हा उघडतं. आवडता भयपट विचारल्यावर ती ‘द बाबाडूक’सारख्या गंभीर चित्रपटाचं नाव घेते. आणि सर्वांत मोठा बदल: टारा मरत नाही.

चार भागांत बसलेली खात्री अशी होती की सुरुवातीच्या हल्ल्यात सापडलेला वाचत नाही. ती खात्री इथे मोडते. टारा मोडलेला पाय घेऊन रुग्णालयात पडते, तिची दुरावलेली बहीण सॅम गावी परतते आणि पुढची सगळी गोष्ट त्या एका जगण्यातून निघते. विषयही नेमका मांडला जातो, कारण शेवटी खुनी निघतात ते ‘स्टॅब’चे नाराज चाहते. त्यांना जुना सिनेमा पुन्हा हवा आहे. रूप तेच ठेवूनही सीक्वेल जिंकू शकतो, याचा हा पुरावा.

२०२३ च्या ‘स्क्रीम ६’ने याहून धीट पाऊल टाकलं. न्यू यॉर्कमध्ये चित्रपट शिकवणारी एक प्राध्यापिका फोनवरच्या माणसाला भेटायला एका गल्लीत जाते आणि मारली जाते. इथवर ओळखीचं. मग खुनी तिथल्या तिथे मुखवटा काढतो. तो तिचाच विद्यार्थी. मुखवटा शेवटी उतरतो ही सर्वांत जुनी खात्री पहिल्या काही मिनिटांत मोडते. तो घरी जातो, त्याला फोन येतो, आपला साथीदारच थट्टा करतो आहे असं त्याला वाटतं. साथीदाराचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं, आणि दुसराच मुखवटाधारी याला संपवतो.

पण हाच चित्रपट शेवटाला ढेपाळतो. खुनी निघतात आधीच्या भागातल्या खुन्याचे वडील आणि भावंडं. कारण, मुलाचा सूड. ‘स्क्रीम २’मध्ये बिलीच्या आईचं कारण हेच होतं. तिथे ते केसीच्या चुकलेल्या उत्तराला जोडलेलं होतं. इथे ते कशालाच जोडलेलं नाही. एकाऐवजी तिघं केले, एवढीच वाढ. शिवाय चॅडला दोघं मिळून वारंवार भोसकतात आणि तरी तो वाचतो. ‘स्क्रीम २’ने सर्वांचा लाडका रँडी भरदिवसा, माणसांच्या वर्दळीत मारला होता आणि त्यानंतर प्रेक्षक कोणाच्याही जिवाबद्दल निर्धास्त राहिला नव्हता. टाराचं वाचणं खात्री मोडतं. चॅडचं वाचणं उलट नवी खात्री देतं, की मुख्य मंडळींना काही होत नाही. हल्ला होऊन वाचणं हा बीट दोन्हीकडे आहे. एकीकडे त्याने भीती वाढवली, दुसरीकडे संपवली.

सहाही भाग शेजारी ठेवले की निर्णय स्पष्ट होतो. पुनरावृत्तीने सीक्वेल मरत नाही. पहिल्या वेळी तो प्रसंग का लागला होता हे लेखक विसरला, की मरतो. नवी युक्ती, जास्त प्रेतं, जास्त खुनी, नवं नातं यांपैकी काहीही त्या विसराची भरपाई करू शकत नाही. म्हणून पुढच्या वेळी एखादा सीक्वेल पाहाल तेव्हा ‘हे तर आधीच पाहिलंय’ म्हणून लगेच मोडीत काढू नका. हा प्रसंग माझी कोणती खात्री मोडतो, या वेळची गोष्ट कशाबद्दल आहे हे सांगतो का, आणि मरणारा माणूस मला माणूस वाटला का, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हींची उत्तरं मिळाली, तर तोच फोन दहाव्यांदा वाजला तरी तो चित्रपट बघण्यासारखा आहे.